दुसरीतल्या मुलाच्या लेखनाबद्दल पालकांना चिठ्ठी

"दुसरीतला मुलगा तोंडी गोष्ट मस्त सांगतो, लिहिताना चुका फार. पालकांना काय लिहू?"

मी त्याचंच वाक्य चिठ्ठीत उतरवते. मागे एकाने लिहिलेलं, 'आजीने पूरनपोळी केली मी तीन खाल्ल्या मग पोट दूखलं'. पालकांना कळवलं की घटना क्रमाने येतायत, 'मग' वापरतोय, आणि जूनमध्ये 'खालया' लिहायचा तो आता 'खाल्ल्या' बरोबर लिहितो. न-ण आणि पहिला-दुसरा उकार चुकतोय पण सध्या फक्त पूर्णविराम धरलाय, घरी त्याला स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचू द्या, जिथे थांबेल तिथे टिंब देऊ दे, रोज तीनच ओळी.

आणि लाल पेनने सगळं खोडू नका हे मुद्दाम लिहा, नाहीतर पोरगं चूक टाळायला दोन-दोन शब्दांचीच वाक्यं लिहायला लागतं (आमच्या वर्गात झालंय).