मदत हवी आहे: घरगुती विक्रीच्या शीटमध्ये नेमके कुठले रकाने ठेवू?

गोधडी_मिरज
नमस्कार. मी घरून गोधड्या विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, निम्म्या गिऱ्हाइकांना सीओडी हवं असतं. गुगल शीट केलीय, त्यात 'स्टेटस' असा एकच रकाना आहे आणि तिथेच गाडी अडते. परवा कुरिअरवाल्यांकडून 3,235 रुपये जमा झाले. तीन गोधड्या पोहोचल्या होत्या: 1,450, 950 आणि 1,200 च्या. प्रत्येकी 85 रुपये कापले तरी 3,345 यायला हवेत. 110 रुपये कुठे गेले ते शीटवरून कळतच नाही. कमीत कमी रकाने ठेवून हे कसं बसवायचं?

फराळघर
मी चकली-चिवडा विकते आणि परत घेतच नाही, आधीच सांगून टाकते. पैसे आल्याशिवाय डबा बाहेर पडत नाही. तुम्हीही सीओडी बंद करा, शीटच लागणार नाही.

गोधडी_मिरज
ताई, नवीन गिऱ्हाईक आधी पैसे द्यायला तयार होत नाही हो. सीओडी सोडलं तर निम्मा धंदा जाईल.

सुहास_काका
चार शीट करा. ऑर्डर, पाठवणी, परतावा, पैसे. आमच्या दुकानात चार वह्या असायच्या, कधी घोळ झाला नाही.

जमाखर्च
काका, पैसे एकगठ्ठा येतात, त्यामुळे प्रत्येक जमेची नोंद वेगळी हवी हे खरंय. पण बाकीचं चार ठिकाणी गेलं, की एकच ऑर्डर नंबर चार वेळा लिहावा लागतो आणि एक जागा राहून जाते. एक वस्तू, एक ओळ, हेच बरं.

ताई, 'स्टेटस' काढून टाका आणि तिथे तारखा लिहा. पाठवल्याची तारीख आहे, पण पोहोचल्याचीही नाही आणि परत आल्याचीही नाही, म्हणजे पार्सल वाटेत आहे. फिल्टर लावला की अडकलेली पार्सलं समोर येतात. रकाने असे ठेवा:

A ऑर्डर नंबर, B तारीख, C नाव, D वस्तू, E किंमत, F पैसे कसे, G पाठवलं, H ट्रॅकिंग नंबर, I पोहोचलं, J परत का, K परत हातात आलं, L कुरिअरने कापले, M जमा, N कुठल्या जमेत, O बाकी.

J मध्ये दोनच शब्द वापरा: 'घेतलं नाही' किंवा 'नंतर परत'. पहिल्यात गिऱ्हाइकाचे पैसे आलेलेच नसतात, दुसऱ्यात ते परत द्यायचे असतात. K मात्र गोधडी उघडून बघितल्यावरच भरा. तोवर ती विकायला आहे असं धरू नका.

O मध्ये हे सूत्र:

```
=IF(G2="","",IF(J2="",E2,0)-L2-M2)
```

आता तुमचे 110. त्याआधी एखादं सीओडी पार्सल न घेता परत आलं होतं का?

गोधडी_मिरज
हो! सोलापूरचं. त्यांनी फोनच उचलला नाही.

जमाखर्च
मग जाण्यायेण्याचे पैसे बहुधा याच जमेतून वळते केलेत. कुरिअरच्या रिपोर्टमध्ये तो ट्रॅकिंग नंबर शोधा. सापडला तर सोलापूरच्या ओळीत L मध्ये 110 आणि M मध्ये -110 लिहा. बाकी शून्य होते. त्या ओळीला आणि तिन्ही गोधड्यांना N मध्ये एकच खूण द्या, समजा 'जमा-7'. मग

```
=SUMIF(N:N,"जमा-7",M:M)
```

1,365 + 865 + 1,115 - 110, म्हणजे बरोबर 3,235. बँकेतल्या आकड्याशी जुळलं नाही तर त्या जमेतली एखादी ओळ सुटलीय असं समजा.

यूपीआयवर आधीच पैसे आले असतील तर L कोराच ठेवा. काउंटरवर भरलेलं कुरिअर खर्चात वेगळं लिहा, नाहीतर बाकी उगाच उणे दिसेल.

अनघा_पी
H चा रकाना भरण्याआधी 'प्लेन टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर नंबराच्या सुरुवातीचं शून्य उडतं. एक्सेलमध्ये तर 15 अंकांच्या पुढचे अंक शून्य होऊन बसतात, आणि नंतर फॉरमॅट बदलला तरी परत येत नाहीत.

गोधडी_मिरज
रिपोर्टमध्ये सापडलं, सोलापूरचेच 110 आहेत. खूप आभार! अजून एक. एका पार्सलात दोन गोधड्या गेल्या, त्यातली एकच परत आली. दोन ओळी करायच्या, पण कापलेले पैसे कुठल्या ओळीत लिहू?

जमाखर्च
मी सगळे पहिल्या ओळीत टाकतो. पार्सलचा हिशेब जुळतो, पण प्रत्येक गोधडीमागे किती सुटले ते चुकीचं दिसतं.

अनघा_पी
मी किमतीच्या प्रमाणात वाटते. नफा नीट कळतो, पण दर वेळी पैशांत आकडे येतात आणि जमा जुळवताना एखादा रुपया मागेपुढे होतो. कुणाकडे याहून सोपी रीत आहे का?