सोसायटी ग्रुप: नोकरीच्या फॉर्ममधला अनुभवाचा रकाना

सुजाता, बी-३०४: नमस्कार सगळ्यांना, एक अडचण आहे. एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा निघालीय, ऑनलाइन फॉर्म भरतेय पण वर्क एक्सपिरियन्समध्ये अडकले. एम्प्लॉयरचं नाव, पद, कधीपासून कधीपर्यंत, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, सगळ्याला लाल स्टार. मी जून २०१८ पासून घरूनच टॅली करतेय, एक मेडिकल, एक हार्डवेअरवाले आणि एक केटरर. ना ऑफर लेटर, ना पगाराची स्लिप. मग फ्रेशर टाकू का?

विनायक, ए-१०२: सुजाताताई फ्रेशर नका टाकू. माझ्या मेव्हण्याची फर्म आहे, पाच वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर देईल तो, सांगू का?

मेधा, सी-५०१: विनायकभाऊ, तुम्ही मनापासून म्हणताय पण हे नका करू प्लीज. मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे. व्हेरिफिकेशनवाले लेटर बघून सोडत नाहीत, त्या काळातल्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतात, पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागतात. पाच वर्षं नोकरी आणि खात्यात एकही पगार नाही, हे पाच मिनिटांत कळतं. आणि जॉइन झाल्यावर कळलं तर हातातली नोकरी जाते. असं झालेलं मी बघितलंय, ती मुलगी कामाला खरंच चांगली होती, अजून वाईट वाटतं.

मेधा, सी-५०१: सुजाता, एम्प्लॉयरच्या जागी सेल्फ एम्प्लॉइड टाक, पदात फ्रीलान्स अकाउंटंट. आणि तिन्ही गिऱ्हाइकांची एकच नोंद कर, जून २०१८ ते आजपर्यंत. तीन वेगळ्या नोंदी केल्यास की तारखा एकमेकांवर चढतात आणि वाचणाऱ्याला वाटतं ही सारखी नोकऱ्या बदलते. दुकानांची नावं खाली कामाच्या वर्णनात येऊ देत. सोडण्याचं कारण विचारलं तर काम चालू आहे, पूर्णवेळ नोकरी हवी आहे, एवढंच.

सुजाता, बी-३०४: वर्णनात जीएसटी रिटर्न भरते असं लिहू का?

मेधा, सी-५०१: भरतेस तू की सीए?

सुजाता, बी-३०४: सीए भरतात. मी महिन्याची खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत टाकते आणि १० तारखेच्या आत विक्रीची शीट सीएंना पाठवते, कारण ११ ला विक्रीचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१ असतं. मग १४ ला पोर्टलवर २बी येते, म्हणजे व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तिच्याशी खरेदीची बिलं जुळवते आणि न जुळलेली बिलं व्यापाऱ्याला फोन करून मागवते. मेडिकलची एकट्याची महिन्याला साडेतीनशे चारशे बिलं असतात.

मेधा, सी-५०१: अगं मग हेच लिही, जसंच्या तसं! रिटर्न भरते लिहिलंस तर इंटरव्ह्यूत पोर्टलवरचं काहीतरी विचारतील आणि तिथे अडकशील, पण साडेतीनशे बिलं २बीशी जुळवते म्हटल्यावर अकाउंट्सवाल्याला लगेच कळतं की हिने हात घातलाय कामात.

सुजाता, बी-३०४: आणि पगार? मेडिकल ३५०० देतात, हार्डवेअर २५००. महिन्याचे ६००० लिहायचीच लाज वाटते.

मेधा, सी-५०१: लाज कसली. वर्षाचे ७२,००० टाक, खरा आकडा, पण वर्णनात आठवड्याला साधारण १२ तास असं नक्की लिही. ऑफिसचे सहा दिवस आठ तास म्हणजे ४८, चौपट. त्या हिशोबाने तुझे २४,००० होतात, तेवढे तरी अपेक्षित पगारात माग. तास लिहिले नाहीस तर ६००० वरच वाढ देऊन मोकळे होतील.

शरद काका, ए-४०४: आमच्या चिरंजीवांचं व्हिडिओ एडिटिंगचं असंच आहे, त्याला कंपन्या टीडीएस कापून पैसे द्यायच्या.

मेधा, सी-५०१: काका मग त्याचं सोपं आहे, २६एएस काढा, त्यात कोणी किती कापले ते कंपनीच्या नावासकट दिसतं, तोच पुरावा. सुजाताच्या दुकानदारांनी टीडीएस कापलेला नसणार, तिला बँक पासबुक आणि लेटर.

सुजाता, बी-३०४: हार्डवेअरवाले आधी रोख द्यायचे, २०२० पासून जीपे. आणि केटरर डिसेंबर २०२२ ला बंद झाले.

मेधा, सी-५०१: रोखीचं काही दाखवता येत नाही, म्हणून लेटर महत्त्वाचं. दुकानाच्या लेटरहेडवर, जीएसटी नंबर छापलेला हवा, कधीपासून, कोणतं काम, सही शिक्का आणि फोन. तो नंबर पोर्टलवर टाकला की दुकान खरं आहे हे कुणालाही दिसतं. केटररचं लेटर नको, नोंदणी रद्द केली असेल तर तिथे रद्द दिसतं आणि उगाच प्रश्न येतात. वर्णनात मात्र डिसेंबर २०२२ पर्यंत असं लिही. आणि हो, सरकारी भरती असेल तर हे चालेलच असं नाही, तिथे जाहिरातीत कसला अनुभव धरतात ते आधी वाचायचं.

सुजाता, बी-३०४: पीएफ नंबर विचारला तर?

मेधा, सी-५०१: नाही म्हणायचं. जॉइन होताना फॉर्म ११ देतात, त्यात आधी सभासद होता का असं विचारलेलंच असतं, तिथे नाही.

विनायक, ए-१०२: बरोबर आहे मेधाताई, मला पीएफचं लक्षातच नाही आलं. सुजाताताई लेटर मी टाइप करून देतो, संध्याकाळी या.

सुजाता, बी-३०४: थँक्यू भाऊ. मेडिकलवाले सही करतो म्हणालेत, पण त्यांच्या लक्षात मे २०१८ आहे.

मेधा, सी-५०१: टॅलीतली पहिली एंट्री उघडून बघ कोणत्या तारखेची आहे, तोच महिना लेटरवर आणि तोच फॉर्ममध्ये. सबमिट करायच्या आधी मला स्क्रीनशॉट टाक.