शब्दचर्चा: 'रेगे घराणं' म्हणावं का?

धरमपेठकर: गाण्याच्या 'जॉनर'ला मराठीत 'घराणं' चालेल का? नागपुरातल्या एका कार्यक्रमपत्रिकेत 'रेगे घराण्याची गाणी' असं छापायचं आहे.

महालवाला: रेगे आडनावाचं गायकांचं घराणं कधी ऐकण्यात आलं नाही. कोकणातलं का?

ठेकाप्रेमी: आडनावाचा संबंध नाही भाऊ, हा जमैकातला शब्द आहे. 1968 साली तिथल्या मेटल्स या गायकगटाच्या 'डू द रेगे' गाण्याच्या नावातच तो आला आणि रुळला. घराण्यात गुरूकडून शिष्याकडे गायकी जाते, तसं इथे काही नाही. 'घराणं' छापू नका.

कीबोर्डवाला: सोपं आहे. गिटारचा ठोका उलटा पडला की रेगे. माझ्या कीबोर्डवर त्या नावाचं बटणच आहे.

ठेकाप्रेमी: अर्धं बरोबर. उलटा ठोका जमैकातल्याच आधीच्या स्का संगीतातही आहे, फक्त लय जलद. एक-दोन-तीन-चार मोजा. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात एकवर ड्रम गप्प राहतो, जोरकस ठोका तीनवर येतो आणि गिटार दोन-चारवर तुटक वाजते. मोजणी निम्म्या लयीत केली तर तोच ठोका दोन-चारवर येतो. बहुतेक वाद इथेच होतात. पण वन ड्रॉप नसलेलं रेगेही पुष्कळ आहे, म्हणून नुसत्या ठेक्यानं हद्द ठरत नाही.

धरमपेठकर: मग ठरवतं कोण?

ठेकाप्रेमी: बरंचसं विकणारा आणि ऐकणारा. 1973 चा बॉब मार्लेच्या वेलर्स बँडचा 'कॅच अ फायर' अल्बम बघा. टेप जमैकातून लंडनला आल्या. आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलनं त्यांवर वेन पर्किन्सची रॉक गिटार चढवली, बास दाबला आणि रॉक बँडची विकतात तशी सलग अल्बम म्हणून तबकडी विकली. जमैकातला बाजार तेव्हा मुख्यतः एकेका गाण्याच्या तबकड्यांचा होता. परदेशातल्या कित्येकांना हाच रेगेचा नमुना वाटला. कुणाला गिटार चढवण्याआधीचं मूळ जमैकन मिश्रणच खरं वाटतं.

कीबोर्डवाला: म्हणजे बटण खोटं?

ठेकाप्रेमी: खोटं नाही, अपुरं. 1985 चं 'स्लेंग टेंग' कॅसिओ एमटी-40 वरच्या 'रॉक' नावाच्या तयार ठेक्यावर उभं आहे, आणि ते गाजलं जमैकाच्या डान्सहॉलमध्ये. बटणावरचं नाव एक, लोकांनी ठेवलेलं दुसरं.

इंदोरावासी: आपल्याकडे भीमगीत बघा जी. कव्वालीच्या चालीत असो की सिनेमाच्या, ऐकणारा त्याला भीमगीतच म्हणतो. तिथे विषय हद्द आखतो, ठेका नाही.

ठेकाप्रेमी: हे उदाहरण नेमकं आहे. म्हणून मी 'प्रकार' आणि 'बाज' वेगळे ठेवतो: 'बाज' कानाला कळतो, 'प्रकार' लोक ठरवतात. पत्रिकेत 'रेगे प्रकारातली गाणी' छापा.

महालवाला: 'शैली' काय वाईट आहे? 'प्रकार' म्हटलं की भाजीचा प्रकारही आठवतो.

इंदोरावासी: 'शैली' एकट्या गायकाचीही असते. भीमगीताला मी तरी 'शैली' म्हणणार नाही.