मदत हवी आहे : आईच्या सीओपीडीच्या राखीव गोळ्या नेमक्या कधी सुरू कराव्यात?

गोदाकाठ : माझ्या आईचे वय 67 असून तिला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. तिने जन्मात विडी ओढलेली नाही. चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली, तेवढ्याने काम झाले. ती वडिलांबरोबर निफाडजवळच्या गावी राहते आणि मी पुण्यात असतो. मागच्या हिवाळ्यात तिला सहा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. त्यानंतर छातीच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (रोज सकाळी 30 मिलिग्रॅम, पाच दिवस) आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक अशा गोळ्यांचे पाकीट घरी ठेवायला देऊन सांगितले, ‘त्रास वाढला तर सुरू करा आणि मला कळवा.’ अडचण अशी, की तिला त्रास रोजचाच असल्यामुळे ‘वाढला’ हे कसे ओळखावे ते घरात कोणालाच कळत नाही. परवापासून न्हाणीघरातून ओट्यावर येईपर्यंत ती दोनदा थांबते, एरवी थांबत नाही. ऑक्सिमीटर एरवी 93 दाखवतो, आज 91 दाखवतो. ताप नाही. तिला मधुमेहही आहे. पाकीट उघडावे का?

सह्यकडा : 91 कमीच आहे. ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणून 5 लिटरवर लावा आणि आकडा 98 पर्यंत न्या. करोनात आमच्या काकांना याचाच उपयोग झाला.

परिचारिका_निवृत्त : सह्यकडा, काकांच्या बाबतीत ते बरोबर असेल, पण येथे तसे करू नये. जुन्या सीओपीडीतल्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. म्हणून अशा रुग्णांसाठी आम्ही वॉर्डात 88 ते 92 हेच लक्ष्य धरत असू.

गोदाकाठ, तुम्ही बेडक्याविषयी काहीच लिहिलेले नाही आणि मला सर्वांत आधी तेच विचारायचे आहे. सकाळचा पहिला बेडका पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात पाहायला सांगा. दम वाढला, बेडक्याचे प्रमाण वाढले आणि रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, या तीन बदलांकडे पाहायचे असते, आणि तुलना तिच्याच नेहमीच्या दिवसांशी करायची. लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपाचे फवारे स्पेसरच्या नळीतून वाढवूनही दम दिवसभर तसाच राहिला, तर प्रेडनिसोलोनचा विचार होतो. प्रतिजैविक मात्र मुख्यतः रंग पालटला तरच. नुसता दम वाढला म्हणून दोन्ही गोळ्या एकदम गिळणे ही नेहमीची चूक आहे. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून गरम करावेत आणि मेंदी नसलेले बोट निवडावे, कारण गार बोटावर दोन-तीन अंकांची फसवणूक सहज होते.

बोरकाका : पंपाची सवय लागते, असे ऐकले आहे. माझ्या नातवाला दमा आहे, त्याला पंप बंद करून गोळ्याच द्याव्यात का?

परिचारिका_निवृत्त : काका, सवय लागत नाही. पंप परस्पर बंद करू नका. त्याचा प्रश्न वेगळा आहे, कृपया वेगळा धागा काढा.

लेस्टरकर : येथे इंग्लंडमध्ये माझ्या वडिलांकडे असेच पाकीट आहे आणि ते उघडले की परिचारिकेला कळवायचे असा करार आहे. ते न कळवता वर्षात चार वेळा उघडत राहिले. चौथ्या वेळी घोट्यांवर सूज दिसली, तेव्हा तपासणीत कळले की दम फुप्फुसांचा नव्हे, हृदयाचा होता. तुमच्या आईंच्या पायांकडेही पाहून घ्या.

गोदाकाठ : वडिलांनी आज वाटी उजेडात धरली. बेडका हिरवट आहे आणि नेहमीच्या दुप्पट आहे. पायांवर सूज नाही. दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांच्या सहायकांशी बोललो. त्यांनी दोन्ही गोळ्या सुरू करायला सांगितल्या. आता रात्री दवाखाना गाठायची वेळ कशी ओळखावी?

परिचारिका_निवृत्त : वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला, ओठ निळसर दिसले, छातीत दुखू लागले, निळ्या पंपाचा आराम तासाभरातच उतरू लागला किंवा हात गरम करूनही आकडा 90 च्या खाली राहिला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. सर्वांत फसवे लक्षण मात्र शांत झोप हे असते. रात्रभर धापा टाकणारी बाई पहाटे एकाएकी गप्प झाली, हाक मारली तर अर्धवट उत्तर देऊ लागली किंवा भलतेच बोलू लागली, तर घरचे म्हणतात, ‘बरे झाले, डोळा लागला.’ ती गुंगी असू शकते, आणि तेव्हा ऑक्सिमीटरचा आकडा बरा दिसला तरी न्यावे. गोळ्या सुरू करून दोन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांनी तपासायलाच हवे. साखर रोज पाहा, स्टेरॉइडने ती चढते.

गोदाकाठ : आज तिसरा दिवस. ओट्यापर्यंत ती एकदाच थांबली, बेडका अजून पिवळा आहे, रात्री वडील दर दोन तासांनी तिला नावाने हाक मारून पाहतात आणि ती वैतागून उत्तर देते. दुपारची साखर मात्र 286 आली. साखरेच्या गोळ्या वाढवायच्या का आणि नवे पाकीट लगेच द्यायचे का, यावर छातीचे डॉक्टर आणि साखरेचे डॉक्टर यांचे अजून एकमत झालेले नाही; उद्या दोघांशी बोलून येथे लिहितो.