पोर्ट्रेट मोडमधली केसांची खोटी कड: साफ करायची का ब्लरच काढून टाकायचा?

नवी_पेठ
ताईच्या साखरपुड्याला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मी मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोडवर तिचा फोटो काढला, मोबाईलवर एकदम भारी दिसत होता. आता आईला 12x18 ची फ्रेम पाहिजे म्हणून कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर केसांभोवती काळपट धूर आल्यासारखी कड आहे, उडणाऱ्या बटा मधेच कापल्यात आणि कानाजवळ केसांच्या फटीतून मागचं पाणी शार्प दिसतंय. हे हाताने साफ करत बसण्यात अर्थ आहे का, का ब्लर काढून साधा फोटोच प्रिंटला देऊ?

टॉवेलवाला
ब्लर काढ आणि मोकळा हो बे. तो ब्लर लेन्सचा नाहीच, फोनने अंदाजपंचे फासलेला रंग आहे. तलावावर नेऊन फोटो काढायचा आणि मग तलावच पुसून टाकायचा, ह्याला काय अर्थ? आणि एकदा फ्रेम भिंतीवर लागली की कोण भिंग घेऊन बघणारे.

भुईकोट
तुझा कॅमेरा 12 मेगापिक्सेलवर असणार. 50 वर टाकून परत काढ, कड येणारच नाही. तोवर ह्या फोटोत एडिटमध्ये जाऊन f चा आकडा 1.4 वरून 5.6 कर, बऱ्यापैकी झाकलं जातं.

नवी_पेठ
परत कसा काढू, साखरपुडा झाला की 😄

रिटच_काका
भुईकोट, आकडा वाढवायचं बरोबर सांगितलंस, मेगापिक्सेलचं नाही. कुठलं पुढं कुठलं मागं ह्याचा फोन जो नकाशा बनवतो तो फोटोपेक्षा कित्येक पटीने लहान असतो आणि मग ताणून फोटोवर बसवलेला असतो. सुटा केस त्या नकाशाच्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक, त्यामुळे फोन त्याला कधी डोक्यात धरतो कधी आभाळात, फोटो कितीही मोठा काढ. आकडा वाढवला की ब्लर कमी होतो म्हणून कड कमी खुपते, नकाशा चुकलेला तो चुकलेलाच राहतो.

आणि टॉवेलवाले, भिंगाची गरज नाही हो. 3000x4000 चा फोटो 12x18 च्या मापात कापला की रुंदीला साधारण 2667 पिक्सेल उरतात, म्हणजे इंचाला 222. कड 20 पिक्सेलची धरली तरी प्रिंटवर ती 2 मिलिमीटरच्या वर जाते. फोनच्या स्क्रीनवर तीच कड अर्धा मिलिमीटर, म्हणून पोराला तिथं दिसली नाही.

नवी_पेठ, आधी एक सांग, ब्लर नसलेला ओरिजिनल आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर ब्लर त्यात भाजून निघालेला असतो, मग मागं फिरता येत नाही. ज्या फोनवर काढला त्याच फोनमध्ये पोर्ट्रेट बंद करून वेगळी कॉपी सेव्ह कर.

नवी_पेठ
हो काका, निघाली कॉपी, दोन्ही एकाच साइजचे आहेत. मागं उजवीकडे आभाळ आणि पाणी, डावीकडे कडुलिंबाचं झाड.

रिटच_काका
मग उजवी बाजू होईल. ब्लरवाला खाली, शार्प वर, असे दोन लेयर कर, पण शार्पचा डोळा आत्ता बंद ठेव. सगळे इथंच चुकतात, डायरेक्ट मास्क लावून केस घासायला लागतात आणि केसाबरोबर मागचं शार्प पाणीही वर येतं, म्हणजे एक कड जाऊन दुसरी.

आधी खालच्या ब्लरवाल्या लेयरवर क्लोन टूल घे, मऊ ब्रश, आणि कडेपासून जरा लांबचं स्वच्छ ब्लर आभाळ उचलून डोक्याच्या दिशेने आत आत ढकल. तो धूर म्हणजे केसांचाच काळा रंग ब्लरमध्ये सांडलेला असतो, तो पूर्ण झाकला पाहिजे. अर्धवट बटा त्यात खाल्ल्या जातील, जाऊ दे. डोकं विगसारखं गुळगुळीत दिसायला लागलं की समज बरोबर चाललंय.

आता वरचा शार्प लेयर चालू कर आणि त्याचा मोड बदल, फोटोशॉपमध्ये `Darken`, गिम्पमध्ये `Darken only`. ह्या मोडमध्ये खालच्यापेक्षा जे गडद तेवढंच वरून दिसतं. काळा केस आभाळापेक्षा गडद म्हणून तो येतो, उजळ पाणी खालीच राहतं. ह्या लेयरला काळा मास्क लाव आणि पांढऱ्या ब्रशने 30 टक्क्यांवर फक्त केसांच्या कडेने फिरव. एकेक बट परत उगवताना दिसेल.

आज्जीची_नात
माझ्या आज्जीचा पण असाच, पांढरे केस आणि मागं वाड्याचा काळा दरवाजा. आणि चष्म्याची दांडीच गायब झाली!! तेल लावून केस चापून बसवले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

रिटच_काका
ताई, पांढऱ्या केसाला उलटं, `Lighten`, गिम्पमध्ये `Lighten only`. दांडीला मात्र हे मोड नकोत, तिची कड सरळ आणि कडक असते, शार्प लेयरची आणखी एक कॉपी साध्या मोडमध्ये ठेवून बारीक ब्रशने तेवढीच दांडी मास्कमधून उघडा. तेलाने फोनचं काम सोपं होईल खरं, आज्जींना आवडेल का ते तुम्ही बघा.

टॉवेलवाला
दोन तास घालवून खोट्याला खरं दाखवायचं. त्यापेक्षा ब्लर नसलेला प्रिंट द्या, मागं तलाव दिसतोय, मंदिर दिसतंय, काय वाईट आहे?

नवी_पेठ
मागं भेळगाडी आणि हिरवा कचऱ्याचा डबा पण दिसतोय ना दादा. म्हणून तर पोर्ट्रेटवर काढला.

भुईकोट
मग डबाच काढ की फोटोतून, केसाला हात लावायचं कामच नाही.

नवी_पेठ
रात्री बसून केलं. उजवी बाजू खरंच आली, कानामागची कुरळी बट तर मी विसरूनच गेलो होतो की ती होती. पण दोन भानगडी. पाण्यापलीकडच्या रेलिंगचे काळे तुकडे बटांच्या मधे उमटलेत. आणि जिथं क्लोन केलं तिथं आभाळ प्लास्टिकसारखं दिसतंय, बाकी फोटोला बारीक रवा आहे आणि तिथं नाही. डावीकडे झाडासमोर तर काहीच येईना, नुसता पाल्याचा चिखल.

रिटच_काका
रेलिंग गडदच की, ती येणारच. मास्कवर काळा ब्रश लहान करून तेवढी पुसून टाक. रव्यासाठी सगळ्यात वर ग्रेन अगदी थोडा टाक आणि 100 टक्के झूमवर बघूनच ठरव, फिट-टू-स्क्रीनवर बघून टाकलास तर प्रिंटमध्ये वाळू पडल्यासारखी दिसेल.

डावीकडे हा उपाय चालणार नाही. गडद केस, गडद पाला, मोडला फरक करायला काही उरतच नाही. तिथं क्लोनने कड स्वच्छ कर आणि केसांचाच रंग उचलून 2-3 पिक्सेलच्या ब्रशने पाच-सहा बटा ओढ, मुळाशी जाड, टोकाला विरत जाणाऱ्या. एकसारख्या ओढू नकोस, नाहीतर कुंचा दिसेल.

टॉवेलवाला
बघा, आता तर केस काढायलाच लागले! मघाशी ओरिजिनलमधले केस परत आणत होतात तिथपर्यंत ठीक होतं काका, हे पेंटिंग झालं.

रिटच_काका
स्टुडिओत कायम असंच करत आलोय. पण तुम्ही म्हणता तोही मुद्दा आहे, ज्याला पटत नाही त्याने डावीकडची कड नुसती स्वच्छ करून सोडावी.

नवी_पेठ
तीन बटा ओढल्या, त्यातली एक ताईने लगेच पकडली, म्हणाली माझे केस इतके सरळ कधी होते? ती पुसली. बाकी दोन ठेवल्यात, अजून सांगितलेलं नाही. आधी 4x6 चा एक तुकडा डोक्याभोवतीचा त्याच मापात प्रिंट करून बघतो, मग मोठी फ्रेम टाकतो.

टॉवेलवाला
ब्लर नसलेल्याचा पण एक तुकडा काढ आणि दोन्ही आईसमोर ठेव. कुठला कुठला ते सांगू नकोस.