मदत हवी आहे : माइक हातात असताना दुसऱ्या हाताचं काय करू?

रावेर तालुक्यात केळी उत्पादकांच्या बैठकांत मी ठिबकविषयी बोलतो. समोर चाळीस-पन्नास माणसं असतात. मागची मंडळी म्हणतात, "भाऊ, आवाज मधीच जातो." मला वाटलं माइकच खराब. मग घरी भाच्याने काढलेला व्हिडिओ पाहिला. मी झोपाळ्यासारखा या पायावरून त्या पायावर डुलत होतो, आणि प्रत्येक वेळी तोंड माइकपासून दूर जात होतं.

आता पाय खांद्याइतके फाकवून, वजन दोन्हींवर सारखं ठेवून उभा राहतो. माइकच्या हाताचं कोपर बरगडीला टेकवतो, म्हणजे मान न वळवता अख्खं अंग वळवलं तरी अंतर तेवढंच राहतं. डुलणं थांबलं, पण गुडघे ताठ होतात, खांदे वर चढतात, श्वास छातीतच अडकतो नि वाक्याचा शेवट पुटपुटल्यासारखा येतो. मोकळा हात तर सारखा टोपीकडे!

घडाची लांबी दाखवताना मात्र तोच हात आपसूक उठतो आणि आवाजही खुलतो. मग हात फक्त अशाच जागी उचलावा का? आणि वाक्य संपेपर्यंत तिथेच ठेवावा की लगेच खाली घ्यावा? गुडघे सैल ठेवायची सवय कुणी कशी लावली?