‘घसरून पडला’ की ‘आढळला’? आणि ‘कारवाई’ला दुसरा शब्द सुचवा

कुंडईकर: मंडळी एका सारांशात शब्द अडलेत. फॅक्टरीत सेफ्टीचं बघतो, अपघाताचा बारा पानी रिपोर्ट सेफ्टी कमिटीसाठी एका पानात आणायचाय, मराठीतच, कारण कमिटीत निम्मे मेंबर कामगारांचे. तीन मथळे केलेत, वस्तुस्थिती, साक्ष, कारवाई. पहिली ओळ सुपरवायझरच्या रिपोर्टमधून उचलली, ‘सकाळी ६.४० वाजता कामगार पंपाजवळ ओल्या फरशीवर निष्काळजीपणामुळे घसरून पडला, डावं मनगट फ्रॅक्चर.’ चालेल ना?

म्हार्दोळची ताई: घसरताना बघितलं कोणी?

कुंडईकर: तसं कोणीच नाही ताई. हेल्परने धप्प आवाज ऐकला, वळून बघतो तर हा हात धरून खाली बसलेला. फोर्कलिफ्टवाला म्हणतो तो धावत होता. आणि जखमी स्वतः म्हणाला, ‘म्हजो पांय निसरलो’.

म्हार्दोळची ताई: मग ‘घसरून पडला’ हे वस्तुस्थितीत बसत नाही. त्या ‘घसरून’मधलं ‘ऊन’च घोटाळा करतं, कारण नकळत चिकटवून टाकतं. चक्कर येऊन पडला असेल, पडताना बादली लवंडून पाणी झालं असेल, तुम्हाला काय माहीत? वस्तुस्थितीत फक्त ‘पंपाजवळ बसलेला आढळला, फरशीवर पाणी होतं, एक्सरेत मनगट फ्रॅक्चर’. पाय निसरला हे त्याचं म्हणणं, ते त्याच्या नावाखाली, कोकणीतच ठेवा. आणि ते ६.४० कुठून आलं?

कुंडईकर: हेल्परने सांगितलं. फर्स्टएडच्या रजिस्टरात ६.५५ आहे.

म्हार्दोळची ताई: बघा, म्हणजे ६.५५ वर, ६.४० हेल्परच्या ओळीत आणि तेही ‘सुमारे’. निष्काळजीपणा तर तिन्हींत नाही, सुपरवायझर तिथे नव्हताच.

पेडण्याचो: सोपं आहे की, मराठीत ‘म्हणे’ आहे ना. ‘तो म्हणे धावत होता.’ काम झालं. आणि साक्ष म्हणजे कोर्ट झालं, ‘निवेदन’ लिहा.

म्हार्दोळची ताई: साक्षीचं बरोबर बोललात. पण ‘म्हणे’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं तुमचा विश्वास नाही, खोचक वाटतं ते. सरळ ‘धावत होता असं फोर्कलिफ्टवाल्याने सांगितलं’. आणि निवेदन आपण मामलेदाराला देतो हो, मोर्चा काढून.

सांखळकर: माझ्या भावाचं असंच झालेलं, ईएसआयच्या फॉर्मवर ‘घरी जाताना’ लिहिलं आणि क्लेम महिनोन्‌महिने लटकला. ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ शकत नसेल तर इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, ते केलं का आधी?

कुंडईकर: ते वेगळं, ती नोटीस गेलीय भाऊ. हा फक्त कमिटीचा कागद.

सांखळकर: बरं बरं. पण शब्दाने माणूस अडकतो एवढंच सांगतो.

युनियनवालो: तिसरा मथळा बदला आधी. ‘कारवाई’ वाचलं की आमच्या लोकांना मेमो दिसतो. मागच्या मीटिंगला ह्या एका शब्दावर अर्धा तास गेला, कोणावर कारवाई, कोणावर कारवाई. मॅनेजमेंटला म्हणायचं होतं गळती बंद करू. ‘उपाय’ लिहा.

कुंडईकर: उपाय बरंय. लिहिलेत दोन, ‘कामगारांनी काळजी घ्यावी’ आणि ‘गमबूट द्यावेत’.

म्हार्दोळची ताई: पहिला उपाय नव्हे, उपदेश. प्रत्येक उपायाच्या शेजारी वरच्या कुठल्या ओळीवरून निघाला ते लिहून बघा, काही उपाय अधांतरी लटकलेले दिसतील. गमबुटाने पाणी जात नाही, पाणी आलं कुठून?

कुंडईकर: पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब. मेंटेनन्सच्या रजिस्टरात दोन दिवस आधीची नोंद आहे, पुढे सही नाही. रिपोर्टच्या नवव्या पानावर होतं ते, मी सारांशात घेतलंच नव्हतं 😐

म्हार्दोळची ताई: नोंद वस्तुस्थितीत, सही नाही हेसुद्धा. पण ‘मेंटेनन्सने दुर्लक्ष केलं’ नको, परत तोच निष्काळजीपणा दुसऱ्या दाराने येतो, पॅकिंग स्टोअरमध्ये नसेलही. खाली मग ‘ग्लँड पॅकिंग बदलणे’, कोण आणि कुठल्या तारखेपर्यंत.

पेडण्याचो: मधला मथळा ‘जबाब’ करा मग.

युनियनवालो: जबाब पोलिसात. ‘कोण काय म्हणालं’ असंच ठेवा.

पेडण्याचो: ऑफिसच्या कागदावर असलं लिहितात का कोण?

कुंडईकर: ते सध्या ‘म्हणणं’ ठेवलंय, बघू सोमवारी. आज फोर्कलिफ्ट उभी होती म्हणतात तिथे जाऊन उभा राहिलो. पॅलेटच्या थप्पीमागून पंप दिसतच नाही. पण त्या दिवशी थप्पी एवढीच उंच होती का ते कोणाला आठवत नाही, म्हणून ‘आज पाहिलं तेव्हा’ असं लिहून तारीख टाकलीय.